आखातातली नोकरी : कंपनीकडे थेट अर्ज, पोर्टल की एजंट?

गेल्या रमजानपूर्वीची गोष्ट. जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एका तरुण वेल्डरने मला मशिदीच्या पायऱ्यांवर गाठले. म्हणाला, "चाचा, सौदीतल्या एका मोठ्या तेल कंपनीच्या वेबसाईटवर सात महिन्यांपूर्वी अर्ज टाकला. अजून होय नाही की नाही नाही. आता बाजारातला एक माणूस म्हणतो, एक लाख दहा हजार लागतील, चाळीस हजार आणि पासपोर्ट आधी दे, दोन महिन्यांत पाठवतो. अम्मी बांगड्या गहाण ठेवायला निघाली आहे. काय करू?"

मुलगा होतकरू आहे. नववीत शाळा सुटली, पण हात चांगला आहे. सहा वर्षे भिवंडी आणि तळोजा भागात पाईपचे वेल्डिंग केले आहे. त्याने दोन दारे ठोठावली आणि दोन्ही वेळा चूक केली. पहिले दार त्याच्यासाठी नव्हतेच. दुसरे दार त्याचे होते, पण त्या दारात भलताच माणूस उभा होता. आपल्या समाजातील शेकडो कारागीर आणि दुकानात हिशेब लिहिणारी मुले हीच चूक करतात, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हल्ली शिकलेली मुले सांगतात की एजंट म्हणजे लुबाडणारा, अर्ज नेहमी कंपनीच्या स्वतःच्या पानावरच करावा. जुनी माणसे सांगतात की एजंटाशिवाय आखातात कोणी गेलाच नाही. माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोणता मार्ग चांगला, हे अर्ज करणाऱ्याच्या हुशारीवर ठरत नाही. ती जागा कोणती आहे आणि तिचा व्हिसा कोणाच्या हाती आहे, यावर ते ठरते.

मालक, ठेकेदार आणि माणसे पुरवणारा

एखाद्या रिफायनरीच्या आवारात दहा हजार माणसे काम करताना दिसली तरी ती सगळी एका कंपनीची नसतात. सर्वांत वर मालक कंपनी असते. सौदीत अरामको, कतारमध्ये कतार एनर्जी, अबुधाबीत ॲडनॉक ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. तिच्याखाली बांधकामाचे किंवा दुरुस्तीचे काम घेणारी ठेकेदार कंपनी असते. त्याच्याही खाली त्या ठेकेदाराला महिन्याच्या हिशेबाने माणसे पुरवणारी कंपनी असते. घरी परतलेला माणूस सांगतो की मी अमुक तेल कंपनीत होतो. खरे तर तो तिच्या आवारात होता. त्याचा पगार, त्याचा इकामा आणि त्याचा व्हिसा ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या नावावर होता.

हा फरक नीट समजला की पुढचे सगळे सोपे आहे. मालक कंपनी आपल्या वेबसाईटवर इंजिनीअर, निरीक्षक, सुरक्षा अधिकारी, हिशेबनीस, शिक्षक, डॉक्टर अशा जागांची जाहिरात करते. या जागा थोड्या असतात. स्थानिक नागरिकांना आधी घेण्याचे धोरण असल्यामुळे बाहेरच्या माणसाकडून अनुभवाची अपेक्षाही मोठी असते. वेल्डर, पाईप फिटर, गवंडी, सुतार, स्टील फिक्सर यांची भरती मालक कंपनी सहसा स्वतः करीत नाही, कारण ते काम तिने ठेक्याने दिलेले असते. आमच्या वेल्डरने ज्या पानावर अर्ज टाकला तेथे त्याच्या कामाची जागाच नव्हती. 'आपला बायोडाटा आमच्याकडे ठेवा' असा एक सर्वसाधारण रकाना होता, त्यात त्याने माहिती भरली आणि सात महिने वाट पाहिली. अशा अर्जाला सहसा कोणी नकारही देत नाही. तो नुसता पडून राहतो.

थेट अर्ज केव्हा फळतो

म्हणून कंपनीच्या पानावर अर्ज करताना पहिली गोष्ट ही पाहावी की जागेला स्वतःचा क्रमांक आहे का, पदाचे नाव आहे का आणि अर्जाची मुदत दिली आहे का. हे तिन्ही असेल तर त्या जागेसाठी कोणीतरी माणूस खरोखर शोधत आहे असे समजावे. क्रमांक नसलेल्या सर्वसाधारण रकान्यात माहिती भरण्यास हरकत नाही, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नये.

दुसरी गोष्ट फॉर्ममधील प्रश्नांची. पदवी आहे का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का, अमुक प्रमाणपत्र चालू मुदतीत आहे का, असे हो-नाहीचे प्रश्न असतात. आपल्याकडे ते क्षुल्लक समजून घाईने भरतात. पण पुष्कळ ठिकाणी याच उत्तरांवर पहिली चाळणी लागते आणि तुमचा बायोडाटा माणसाच्या नजरेला पडण्याआधीच अर्ज बाजूला होतो. अट पदवीची असेल आणि तुमच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र असेल, तर तेथे शंभर वेळा अर्ज करूनही निकाल तोच लागेल. खोटे 'हो' लिहिले तर मुलाखतीत किंवा कागद तपासताना नाव कटते आणि त्या कंपनीत पुढचाही रस्ता बंद होतो.

ज्याच्याकडे डिप्लोमा किंवा पदवी आहे, इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता-बोलता येतात आणि जागेला क्रमांक आहे, त्याने थेट अर्जच करावा. विमान कंपन्या, हॉटेलांच्या मोठ्या साखळ्या, शाळा, बँका, तेल कंपन्यांतील तांत्रिक आणि दफ्तरी जागा यांना हे लागू आहे. येथे मध्ये कोणी नसल्यामुळे कंपनीला कोणाला दलाली द्यावी लागत नाही. अर्जदारालाही पगाराचा आकडा सरळ कळतो.

थेट निवड झाली तरी एक कागदी पायरी विसरू नये. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआरचा शिक्का असतो. अशा माणसाला सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी भारत सरकारची एमिग्रेशन मंजुरी घ्यावी लागते. कंपनी एजंटाशिवायही माणूस नेऊ शकते, पण त्यासाठी तिने सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत नोंदणी केलेली असावी लागते. 'आम्हाला नोंदणीची गरज नाही, तुम्ही या, पुढचे पाहू' असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे.

एजंटाकडे का जावे लागते

आता कारागिराच्या दाराकडे वळू. सौदीतील ठेकेदाराला नवीन काम मिळाले की तो तेथील सरकारकडे परदेशी माणसांचे व्हिसे मागतो. मंजुरी एकेका माणसाच्या नावाने न येता गठ्ठ्याने येते. इतके वेल्डर, इतके फिटर, इतके मजूर, अमुक देशाचे. मग ठेकेदार भारतातील एखाद्या एजंटाला मुखत्यारपत्र देतो. सौदीच्या व्यवहारात त्याला 'वकाला' म्हणतात. सोबत मागणीपत्र देतो, त्यात पेशा, संख्या, पगार, कामाचे तास, राहणे-जेवण हे सगळे लिहिलेले असते. त्यानंतर एजंट जाहिरात देतो, ट्रेड टेस्ट घेतो आणि कंपनीचा माणूस मुंबईत येऊन निवड करतो.

याचा अर्थ असा की त्या गठ्ठ्यातील व्हिसे त्याच एजंटामार्फत लागतात. तुम्ही ठेकेदार कंपनीच्या पानावर कितीही चांगला अर्ज केलात तरी कंपनीचा माणूस फार तर तुम्हाला एजंटाच्या दफ्तराचा पत्ता देईल. हा कंपनीचा दुष्टपणा नाही. पन्नास वेल्डरांची वेल्डिंगची परीक्षा दम्मामला बसून घेता येत नाही. ती घेण्यासाठी तिला येथे कोणीतरी हवाच असतो. म्हणून हाताच्या कामाच्या जागेसाठी नोंदणीकृत एजंट हाच बहुधा खरा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण 'नोंदणीकृत' या शब्दावर जोर आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परवानाधारक एजंटाची यादी emigrate.gov.in या सरकारी वेबसाईटवर कोणालाही पाहता येते. नाव शोधताना परवाना चालू आहे की मुदत संपलेला किंवा निलंबित आहे, तेही पाहावे. दफ्तराचा पत्ता यादीतल्याप्रमाणेच आहे का, हे जुळवावे. नामांकित एजंटाचे नाव सांगून दुसऱ्याच गल्लीत दुकान मांडणारे कमी नाहीत.

पैशांची मर्यादाही ठरलेली आहे. एजंटाने उमेदवाराकडून घ्यायची सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. सौदीच्या कामगार कायद्याचे ४० वे कलम तर असे आहे की भरतीचा, इकामाचा आणि वर्क परमिटचा खर्च मालकाने सोसावा. अमिरातीचा कायदाही भरतीचा खर्च कामगारावर टाकण्यास मनाई करतो. त्यामुळे काही चांगल्या कंपन्या एजंटाची फी स्वतःच देतात आणि उमेदवाराला काहीच द्यावे लागत नाही. फी मागितली तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की कंपनी तुम्हाला देत नाही काय?

आमच्या वेल्डरचे काय झाले

त्या दिवशी मी मुलाला म्हणालो, "बांगड्या घरातच राहू दे. पासपोर्टही खिशातच राहू दे. त्या माणसाकडून फक्त एक गोष्ट काढून आण, ठेकेदार कंपनीचे पूर्ण नाव."

पहिल्यांदा त्या माणसाने नाव सांगितले नाही. 'आधी पैसे, मग नाव' असे म्हणाला. ही पहिली खूण. ज्याच्याकडे मागणीपत्र आहे तो कंपनीचे नाव लपवीत नाही, कारण ते नाव त्याला जाहिरातीत द्यायचेच असते. दोन दिवसांनी त्याने मोबाईलवर एक ऑफर लेटर पाठवले. त्यावर दम्मामच्या एका ठेकेदाराचे नाव होते, पगार २,२०० रियाल होता, आणि खाली संपर्कासाठी फुकट मिळणाऱ्या ई-मेलचा पत्ता होता.

आम्ही त्या पत्रातला पत्ता आणि फोन बाजूला ठेवला. कंपनीची वेबसाईट स्वतंत्रपणे शोधली. वेबसाईट खरी होती. कंपनीही खरी होती. तिच्या करिअरच्या पानावर इंजिनीअर आणि सुपरवायझर यांच्या चार जागा होत्या, वेल्डरची एकही नव्हती. पण त्याच पानावर भरती विभागाचा ई-मेल होता आणि त्या पत्त्यात @ या चिन्हापुढे कंपनीचेच नाव होते. मुलाने त्या पत्त्यावर साध्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. मी पाईप वेल्डर आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे, आपल्या नावाचे सोबतचे पत्र मला मिळाले आहे, ते आपले आहे काय, आणि भारतात आपला अधिकृत एजंट कोण?

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. पत्र त्यांचे नव्हते. वेल्डर मात्र खरोखर हवे होते आणि त्यांनी मुंबईतील एका एजंटाला अधिकार दिले होते. त्याचे नाव उत्तरात लिहिलेले होते. सरकारी यादीत पाहिले तर परवाना चालू होता. बाजारातल्या त्या माणसाचा या एजंटाशी कागदावर काही संबंध नव्हता. खऱ्या भरतीची बातमी कानावर आली, तेवढ्यावर त्याने बनावट पत्र करून आपले दुकान मांडले होते.

मुलगा मुंबईला गेला. ट्रेड टेस्टमध्ये सहा इंची पाईपचा जोड करायला दिला. तो पास झाला. खरा पगार १,६०० रियाल आणि जेवणाचे ३०० रियाल, राहणे कंपनीकडे, आठ तास काम, दोन वर्षांचा करार. खोट्या पत्रातल्या २,२०० पेक्षा हा आकडा कमी आहे, हे लक्षात घ्या. खोटे पत्र नेहमी खऱ्यापेक्षा जास्त गोड असते.

आता हिशेब पाहा. हिशेबापुरता रियाल २३ रुपये धरला तर १,६०० रियालचे ३६,८०० रुपये होतात. एजंटाची पूर्ण कायदेशीर फी ३५,४०० म्हणजे सुमारे एका महिन्याचा मूळ पगार. बाजारातला माणूस मागत होता ते १,१०,००० म्हणजे तीन महिन्यांचा पगार, आणि तोही गहाणाच्या व्याजासह. व्याजाचे पाप वेगळेच. मुलाने फी बँकेतून भरली आणि पावती घेतली.

पुढच्या पायऱ्याही सांगतो, कारण यातली एखादी गाळली गेली तर शंका घ्यावी. वेल्डरसारख्या पेशांसाठी सौदीने व्हिसाआधी कौशल्य चाचणी ठेवली आहे, ती द्यावी लागली. मान्यताप्राप्त केंद्रात मेडिकल झाले. व्हिसा लागल्यावर त्याच्या ईसीआर पासपोर्टसाठी ई-मायग्रेटवर करार नोंदवून मंजुरी मिळाली. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपयांचा आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण आहे. निघण्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षणही झाले.

व्हिसावरील पेशा अरबीत लिहिलेला असतो. आपल्या लोकांना येथे एक सोय आहे, जी इतरांना नाही. मदरशातील मौलवी साहेबांकडे कागद नेला. त्यांनी वाचून सांगितले, 'लह्हाम', म्हणजे वेल्डर. तेथे 'आमिल' म्हणजे साधा मजूर असे असते, तर तेथे गेल्यावर पगाराच्या वादात कागद त्याच्या विरुद्ध गेला असता. सुताराचा 'नज्जार', प्लंबरचा 'सब्बाक', इलेक्ट्रिशियनचा 'कहरबाई', शिंप्याचा 'खय्यात'. एवढे शब्द प्रत्येक कारागिराने ओळखावेत. आणि अमिरातीसाठी मिळालेल्या कागदावर पेशाच नसेल, 'व्हिजिट' किंवा 'टुरिस्ट' असे असेल, तर तो नोकरीचा व्हिसा नव्हे. 'तेथे गेल्यावर बदलून देऊ' या वचनावर गेलेल्याला मंजुरी नाही, विमा नाही, आणि काम करताना सापडला तर गुन्हेगार तोच.

या प्रकरणात कंपनीच्या पानाचा उपयोग झाला, पण अर्जासाठी झाला नाही. खातरजमेसाठी झाला. मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचे आहे. कारागिराने अर्ज एजंटाकडे करावा, पण एजंटाची ओळख कंपनीच्या पानावरून पटवून घ्यावी.

पोर्टल कोणासाठी

तिसरा मार्ग नोकरीच्या पोर्टलांचा. नौकरी गल्फ, बैत, गल्फ टॅलेंट, लिंक्डइन ही नावे आपल्या मुलांना पाठ आहेत. पोर्टल म्हणजे बाजारपेठेतला चौक. तेथे मालकही येतो, एजंटही येतो आणि ठगही येतो. पोर्टल सगळ्यांची खातरजमा करून देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पोर्टलचा खरा फायदा मधल्या थरातील माणसांना होतो. स्टोअरकीपर, हिशेबनीस, सेल्समन, ड्राफ्टसमन, सुपरवायझर, टेलरिंग किंवा फर्निचरच्या कारखान्यातील फोरमन अशांना. त्यातही जो आधीच आखातात आहे, ज्याचा व्हिसा दुसऱ्या मालकाकडे वळवता येतो, किंवा ज्याच्याकडे तेथील ड्रायव्हिंग लायसन्स आहे, त्याला पोर्टलवरून लवकर फोन येतो. कारण छोट्या कंपन्यांना स्वतःचे करिअरचे पान नसते, आणि एका हिशेबनिसासाठी मुंबईच्या एजंटाकडे त्या जात नाहीत. त्या पोर्टलवर शब्द टाकून शोधतात. म्हणून बायोडाट्यात 'कष्टाळू, प्रामाणिक' असे लिहिण्यापेक्षा कोणत्या प्रणालीत हिशेब ठेवला, कोणते मशीन चालवले, कोणता माल विकला, ते नेमक्या शब्दांत लिहावे. मालक तेच शब्द शोधत असतो.

पोर्टलवरील जाहिरातीत कंपनीचे नाव असेल तर तीच जागा कंपनीच्या पानावर आहे का, ते पाहावे. असेल तर अर्ज तेथेच करावा. नाव लपवलेले असेल तर अर्ज करावा, पण मुलाखतीआधी नाव विचारावे आणि पासपोर्टची प्रत त्याआधी पाठवू नये. अमिरातीची नोकरी असेल तर तेथील कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातील ऑफर लेटर मागावे. त्यावर व्यवहार क्रमांक असतो आणि मंत्रालयाच्या वेबसाईटवर तो तपासता येतो.

तिन्ही दारे एकदम ठोठावण्याचा तोटा

'सगळीकडे टाकून ठेवतो, कोठेतरी लागेल' असे पुष्कळांना वाटते. यात एक धोका आहे, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या नात्यातील एका डिप्लोमाधारक वेल्डिंग निरीक्षकाचा अनुभव सांगतो. एका ठेकेदाराच्या एकाच जागेसाठी त्याने कंपनीच्या पानावर अर्ज केला, आणि दोन एजंटांनाही बायोडाटा दिला. दोघांनी तो कंपनीकडे पाठवला. कंपनीकडे एकच माणूस तीन बाजूंनी आला. आता निवड झाली तर दलाली कोणाला द्यायची, यावर भांडण होणार. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने सोपा मार्ग घेतला. त्याने हे नावच बाजूला ठेवले आणि दुसऱ्या उमेदवाराला बोलावले. पुढे ओळखीच्या माणसाकडून हे कारण कळले.

एजंटाच्या दृष्टीने ज्याने नाव आधी पाठवले, त्याचा काही महिने त्या उमेदवारावर हक्क धरला जातो. म्हणून एका कंपनीच्या एका जागेसाठी एकच मार्ग धरावा. एजंटाला लेखी किंवा निदान मोबाईलवरील संदेशाने कळवावे की मला विचारल्याशिवाय माझा बायोडाटा कोठेही पाठवू नका. कोणत्या तारखेला कोठे, कोणामार्फत अर्ज केला, याची एक वही ठेवावी. आपण दुकानात उधारीची वही ठेवतो, तशीच ही.

मूळ पासपोर्टबद्दलही हीच काळजी. तो भारत सरकारची मालमत्ता आहे. व्हिसा लावण्यासाठी तो द्यावा लागतो, तेव्हा पावती घेऊन द्यावा. निवड झालेली नसताना 'जमा करून ठेवा' म्हणणारा एजंट तुम्हाला बांधून ठेवू पाहत असतो, म्हणजे दुसरीकडे चांगली संधी आली तरी तुम्ही जाऊ नये.

व्यापारी बंधूंना एक गोष्ट

शेवटी कारागिरांपेक्षा दुकानदारांना बोलायचे आहे. बाजारातला तो माणूस कोण होता? कोणी परका ठग नव्हता. त्याचे तिकीट बुकिंगचे दुकान आहे, शेजारी झेरॉक्सचे मशीन आहे, लोक त्याला सलाम करतात. आपल्या गावोगावच्या बाजारांत असे बरेच दुकानदार आहेत. मुंबईचा कोणी सांगतो, 'माणसे द्या, माणशी पाच हजार घ्या', आणि दुकानदाराला वाटते की आपण तर गरिबाचे कामच करून देतो आहोत.

कायदा असे मानत नाही. सब-एजंट हा प्रकार कायद्यात नाही. परवान्याशिवाय भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा दूर ठेवला तरी व्यवहार म्हणून पाहा. तुम्ही घेतलेले पाच हजार शेवटी त्या कारागिराच्याच अंगावर पडतात, आणि वर आणखी तिघांचे. तीस हजारांचे एक लाख दहा हजार याच रीतीने होतात. मुलगा तेथे फसला तर मुंबईचा माणूस फोन उचलत नाही. त्याची आई तुमच्याच दुकानाच्या पायरीवर येऊन बसते.

ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि झेरॉक्स आहे, त्याने हलाल मार्गाने कमाई करण्यास वाव आहे. सरकारी यादीत एजंटाचे नाव तपासून देणे, कंपनीला खातरजमेचे चार ओळींचे पत्र लिहून देणे, फॉर्म नीट भरून देणे, यासाठी शंभर-दोनशे रुपये मेहनताना उघडपणे घ्यावा. तो घेण्यात काही गैर नाही. भरतीचे वचन मात्र देऊ नये. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये आहेच. ज्या व्यवहाराची पावती द्यायला माणूस कचरतो, त्याची जात त्यानेच सांगितलेली असते.

तो वेल्डर शव्वाल महिन्यात दम्मामला गेला. पहिला पगार कराराप्रमाणे १,६०० रियाल आणि जेवणाचे ३०० मिळाला. बांगड्या त्याच्या अम्मीच्या हातात आहेत.